आयव्ही रँक 79 होता, तरी विकणाऱ्याचे पैसे का गेले?

वाचकाचं पत्र

मी 36 वर्षांचा आहे, पिंपळे सौदागरला राहतो, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो. तीन वर्षं ऑप्शनमध्ये आहे, भांडवल सहा लाख. एका क्लासमध्ये नियम शिकवला होता: आयव्ही रँक 50च्या वर असेल तर प्रीमियम विकायचा, 30च्या खाली असेल तर विकत घ्यायचा. मागच्या तिमाहीत एका शेअरचा रँक 79 दिसला. भाव 1,000 होता. मी 950चा पुट आणि 1,050चा कॉल विकला, मिळून 27 रुपये आले, लॉट 500चा, दोन लॉट. कंपनीच्या तिमाही निकालानंतर शेअर 890वर उघडला आणि मी 61 रुपये देऊन बाहेर पडलो. 34 हजार गेले. त्याआधी एका बँकेच्या शेअरचा रँक 9 होता म्हणून 2,000चा कॉल आणि पुट दोन्ही, म्हणजे स्ट्रॅडल, मिळून 81 रुपयांना घेतली. शेअर जागेवरच राहिला आणि दहा सत्रांत तिचे 52 झाले. म्हणजे रँक जास्त होता तेव्हा विकून बुडालो आणि कमी होता तेव्हा घेऊनही बुडालो. मर्यादा 50ऐवजी 70 धरू का? पहिल्या शेअरचा पुढचा निकाल तीन आठवड्यांवर आलाय आणि रँक आत्ताच 58 आहे. एक ठेव मोडून भांडवल दहा लाख करावं असंही मनात आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर

नमस्कार. पत्र वाचल्यावर मी तुमच्याकडून थोडी माहिती मागवली होती: पहिला शेअर मागच्या आठ निकालांना किती टक्के हलला, निकाल नसलेल्या शांत आठवड्यांत त्याची आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात बाजारानं धरलेली वार्षिक हालचाल, किती टक्के असते, आणि दोन्ही शेअरांच्या आयव्हीची वर्षभराची यादी. तुम्ही ती लगेच आणि नीट पाठवलीत, म्हणून हे उत्तर तुमच्याच आकड्यांवर देता येतंय.

मर्यादा 50ची 70 केल्यानं काही सुधारणार नाही, कारण तुमचा सौदा 79ला झाला होता. अडचण मर्यादेच्या आकड्यात नाही. रँक ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न तुम्ही विचारलेलाच नव्हता.

रँक कसा निघतो ते एकदा तुमच्या शेअरवर बघू. वर्षभरात त्याची आयव्ही खाली 22पर्यंत आणि वर 46पर्यंत गेली होती, आणि त्या दिवशी 41 होती. 41मधून 22 वजा केले की 19 उरतात, वर्षाचा पूर्ण पट्टा 24चा, म्हणून 19 भागिले 24, म्हणजे 79. रँक एवढंच सांगतो की आजचा प्रीमियम याच शेअरच्या गेल्या वर्षाच्या मानानं वरच्या बाजूला आहे. तुम्ही त्याचा अर्थ ‘महाग’ असा घेतलात. पण विकणाऱ्याच्या दृष्टीनं महाग म्हणजे पुढे शेअर जेवढा हलेल त्यापेक्षा जास्त हलण्याचे पैसे आज मिळणं. पहिली तुलना मागच्या वर्षाशी आहे, दुसरी येणाऱ्या दिवसांशी. पुष्कळदा दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून तो नियम बरेच दिवस चालल्यासारखा वाटतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात झेंडूचा भाव वर्षातल्या सगळ्यात वरच्या टप्प्यात असतो. रँक काढला तर 90च्या पुढे येईल. पण तो उगाच चढलेला नसतो, दुसऱ्या दिवशी प्रत्येक दाराला तोरण लागणार असतं. परवा भाव पडणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं आणि ते आजच्या भावात आलेलंही असतं. निकालाआधीची आयव्ही तशीच असते. ती निकालाच्या दुसऱ्या दिवशी पडणार हे विकणाऱ्याला माहीत असतं तसंच घेणाऱ्यालाही. म्हणून ‘आयव्ही पडेल’ या एवढ्याच ज्ञानाचे पैसे मिळत नाहीत. निकालाच्या एका दिवसासाठी बाजारानं किती हालचाल धरली आहे आणि ती रास्त आहे का, हे ज्याला काढता येतं त्याला सौद्यात काही सापडण्याची शक्यता असते.

ते काढणं अवघड नाही. तुम्ही विकलंत तेव्हा एक्स्पायरीला दहा सत्रं बाकी होती. त्यातलं एक निकालाच्या धक्क्याचं आणि नऊ साधी. साध्या दिवसांत या शेअरची आयव्ही 25च्या आसपास असते, हे तुमच्या यादीवरून दिसतं. आयव्ही सरळ बेरजेनं जोडता येत नाही, तिचा वर्ग जोडता येतो. म्हणून दहा दिवसांचा एकूण साठा काढायचा, त्यातून नऊ साध्या दिवसांचा वाटा वजा करायचा, आणि जे उरेल ते निकालाच्या दिवसाचं.

```
10 × 41² = 16810
 9 × 25² =  5625
उरले       11185
√11185 ≈ 106
106 ÷ 16 ≈ 6.6
```

शेवटी 16नं भागलं कारण वर्षात साधारण 252 सत्रं असतात आणि त्याचं वर्गमूळ 16च्या जवळ येतं. वार्षिक टक्केवारीवरून एका दिवसाची काढायची ही नेहमीची रीत आहे. म्हणजे निकालाच्या दिवसासाठी बाजारानं 6.6 टक्क्यांचं प्रमाण विचलन धरलं होतं. सरासरी हालचाल, वर किंवा खाली, त्याच्या सुमारे 80 टक्के असते. म्हणजे 5.3 टक्के.

आता तुम्ही पाठवलेले आठ निकाल: 2, 7, 4, 9, 3, 8, 1 आणि 6 टक्के. बेरीज 40, सरासरी 5.

बाजार 5.3 देत होता आणि या शेअरची सवय 5ची आहे. रँक 79 असूनही तुम्ही रास्त भावाचा माल रास्त भावानं विकलात. त्यात विकणाऱ्याला जे थोडं जास्तीचं होतं, ते दलाली, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकात संपलं असतं. आणि आठांपैकी तीन वेळा शेअर 7 टक्के किंवा त्याहून जास्त हलला होता. त्यामुळे या वेळची 11 टक्क्यांची घसरण मोठी असली तरी आभाळातून पडलेली नव्हती.

हेच आठ आकडे सरासरी 3.5चे असते आणि त्यातला सगळ्यात मोठा 6चा असता, तर विकण्यात अर्थ होता. सरासरी 7ची असती, तर रँक 79 असतानाही मी घेणाऱ्याच्या बाजूनं विचार केला असता. तुमच्या क्लासच्या नियमाला ही दुसरी शक्यता दिसतच नाही. मात्र आठ हा फार छोटा नमुना आहे, एखादा 14 टक्क्यांचा दिवस आला की सरासरी एकदम सरकते. म्हणून दोन्ही आकड्यांत निदान पाव हिश्श्याचं अंतर असल्याशिवाय मी स्वतः निकालावर काहीच करत नाही. बहुतेक तिमाह्यांत बहुतेक शेअरांत तेवढं अंतर नसतं.

अंतर असलं तरी तुम्ही विकलीत तशी उघडी स्ट्रँगल, म्हणजे नुसता पुट आणि कॉल, विकू नका. याच सौद्यात 900चा पुट आणि 1,100चा कॉल विकत घेऊन आयर्न कॉन्डॉर केला असता, तर त्या दोन्हींना मिळून साधारण 9 रुपये पडले असते. हातात 27ऐवजी 18 राहिले असते. शेअर 890वर उघडल्यावर बाहेर पडताना तोटा शेअरमागे 34ऐवजी सुमारे 23 झाला असता, आणि तो 800वर उघडला असता तरी 32च्या पुढे गेला नसता. उघड्या स्ट्रँगलमध्ये 800ला तोटा 120च्या वर आहे, दोन लॉटवर सव्वा लाखाच्या आसपास. हे आकडे मी सगळ्या स्ट्राइकना एकच आयव्ही धरून काढले आहेत. प्रत्यक्षात खालचे पुट सहसा थोडे महाग मिळतात, शिवाय शेअरच्या लांबच्या स्ट्राइकमध्ये भावांतला फरकही मोठा असतो. त्यामुळे एखाद-दोन रुपये इकडेतिकडे होतील.

तुमच्या पत्रात न आलेली आणखी एक गोष्ट मला काळजीची वाटते. आपल्याकडे शेअरच्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. तुम्ही ‘शेअर वर येईल’ म्हणून थांबला असता आणि एक्स्पायरीला तो 950च्या खालीच राहिला असता, तर 1,000 शेअर 950नं घ्यावे लागले असते, म्हणजे साडेनऊ लाख रुपये. भांडवल सहा लाख. तोटा मान्य करून त्याच दिवशी बाहेर पडलात, ते अगदी योग्य केलंत.

आता बँकेची स्ट्रॅडल. इथे रँक 9 होता, कारण वर्षातली सर्वांत कमी आयव्ही 16.2, सर्वांत जास्त 36 आणि त्या दिवसाची 18. पण 36 हा आकडा कुठून आला ते यादीत बघा. एका आठवड्यात मोठी पडझड झाली, तेव्हाचे ते चारच दिवस आहेत. ते सोडले तर वर्षभर आयव्ही 16 ते 24मध्येच फिरत होती. चार दिवसांनी अख्ख्या वर्षाची पट्टी ताणली. 2023च्या जुलैत मंडईत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता. त्यानंतर वर्षभर ती शंभरी पट्टीत धरून मोजत बसलं असतं, तर चाळीसचा टोमॅटोसुद्धा स्वस्तच ठरला असता. घर चालवणारं कुणीही तसं मोजत नाही. एरवी काय भाव असतो, हेच ते बघतं.

त्या ‘एरवी’ला आयव्ही पर्सेंटाइल म्हणतात. वर्षातल्या किती टक्के दिवशी आयव्ही आजच्यापेक्षा कमी होती, एवढंच तो मोजतो. तुमच्या यादीत 248 पैकी 92 दिवस आयव्ही 18च्या खाली आहे, म्हणजे पर्सेंटाइल 37. रँक 9 आणि पर्सेंटाइल 37, एकाच शेअरचे, एकाच दिवशीचे. 9 वाचून माणूस ‘तळाला सापडलं’ म्हणतो, 37 वाचून म्हणत नाही. दोन्हींत एवढी तफावत दिसली की वर्षाचा आलेख उघडून कुठे सुळका आहे का ते बघायचं. हा सुळका वर्ष उलटल्यावर खिडकीतून बाहेर पडेल आणि त्या दिवशी आयव्ही तसूभर न हलता रँक उडी मारेल. कमाल 24 झाली की याच 18 आयव्हीचा रँक 23 होतो. बाजारात काहीही घडलेलं नसतं, फक्त जुना दिवस पुसला गेलेला असतो.

निर्देशांकातही हेच होतं. 4 जून 2024ला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी जवळपास 6 टक्के पडला. इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनवरून काढलेली आयव्ही, दिवसात 31च्या वर जाऊन 27च्या आसपास बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी 19च्या खाली आला. पुढचं वर्षभर ज्या संकेतस्थळानं दिवसातली कमाल धरली त्याचा रँक वेगळा आणि ज्यानं बंद भाव धरला त्याचा वेगळा येत होता. म्हणून दोन ठिकाणचे रँक जुळले नाहीत तर गोंधळू नका, आपल्या ठिकाणी काय धरलं आहे ते एकदा शोधून ठेवा.

पण स्ट्रॅडलचे पैसे पर्सेंटाइल न बघितल्यामुळे गेले, असं मी म्हणणार नाही. ते दुसऱ्या कारणानं गेले आणि ते कारण जास्त महत्त्वाचं आहे. आयव्ही 18 म्हणजे दिवसाला साधारण 1.1 टक्का हालचालीचे पैसे तुम्ही भरलेत. शेअर मात्र आधीचे वीस दिवस 0.9 टक्क्याच्या प्रमाण विचलनानं हलत होता, वर्षाच्या हिशेबात 14. म्हणजे तळाजवळ वाटलेल्या आयव्हीलासुद्धा तुम्ही प्रत्यक्ष हालचालीपेक्षा पाव हिस्सा जास्त मोजलात. रँक 9 असलेला प्रीमियमही महाग असू शकतो, तो असा.

पुढे काय झालं त्याचाही हिशेब लागतो. वीस सत्रं बाकी असलेली 81ची स्ट्रॅडल, दहा सत्रांनंतर, भाव आणि आयव्ही जिथल्या तिथे धरली तरी 57वर येते. हे 24 रुपये निव्वळ वेळेनं खाल्ले. त्यावर आयव्ही 18वरून 16.5वर आली, तिनं आणखी 5 नेले. राहिले 52. आता उलट विचारा: शेअर जागेवरच असता, तर दहा सत्रांनी 81 परत मिळायला आयव्ही किती लागली असती? 25च्या वर. तुमच्या यादीत 25च्या वरचे दिवस म्हणजे तो सुळक्याचा आठवडाच. कमी रँकला प्रीमियम घेणारा ‘आयव्ही कधीतरी वर जाणारच’ म्हणतो आणि ते खरंही असतं. पण तो ‘कधीतरी’ एक्स्पायरीच्या आत यावा लागतो. आयव्ही चढते ती झपकन आणि खाली बसते ती महिनोन्महिने. 2017मध्ये इंडिया व्हिक्स जवळपास वर्षभर खालीच रेंगाळला होता. त्या वर्षी केवळ रँक कमी दिसतो म्हणून दर महिन्याला स्ट्रॅडल घेणाऱ्याला कंटाळा आणि तोटा सोडून फारसं काही मिळालं नसतं.

म्हणून मला कमी आयव्हीला प्रीमियम घ्यायचा असेल, तर मी हालचालीचं कारण दिसतंय का ते बघते आणि निदान दोन महिन्यांची एक्स्पायरी घेते. लांबच्या ऑप्शनला वेळ सावकाश खाते आणि आयव्ही चढली तर त्याचा भाव जास्त वाढतो, म्हणजे त्याचा व्हेगा मोठा असतो. जवळच्या ऑप्शनमध्ये हे उलटं असतं. हेच कारण पुढे नेलं तर मंगळवारच्या साप्ताहिक एक्स्पायरीसाठी रँक बघण्यात जवळपास काहीच अर्थ उरत नाही. इंडिया व्हिक्स पुढच्या तीस दिवसांचा अंदाज सांगतो, आणि दोन दिवस उरलेल्या ऑप्शनचा भाव त्या दोन दिवसांत निफ्टी किती पळतो यावर ठरतो. बरेच वाचक सोमवारी व्हिक्सचा रँक बघून मंगळवारचे कॉल-पुट विकतात. ते चुकीच्या मापानं मोजत आहेत. तसंच शेअरच्या ऑप्शनसाठी इंडिया व्हिक्सचा रँक चालत नाही, त्या शेअरचाच लागतो.

तर मग रँकचं करायचं काय? मी तो रोज बघते, पण तो मला फक्त कुठे थांबून चौकशी करायची ते सांगतो. रँक 70-80 दिसला की पहिला प्रश्न: हे का चढलंय? तारीख ठरलेली घटना असेल तर वरचा वजाबाकीचा हिशेब करायचा. घटना नसेल आणि सगळा बाजारच घाबरून पडत असेल तर प्रकरण वेगळं आहे. तिथे प्रीमियम खरोखर भरपूर मिळतो आणि भीती ओसरली की विकणारे कमावतातही. पण रँक 100च्या वर जात नाही, आयव्ही जाऊ शकते. 2020च्या मार्चच्या सुरुवातीला इंडिया व्हिक्सनं आधीच्या वर्षाची तिशीतली कमाल गाठली, तेव्हा रँक 100 होता. त्याच महिन्यात तो 80च्या पुढे गेला. ‘यापेक्षा वर काय जाणार’ म्हणत ज्यांनी 30ला उघडे ऑप्शन विकले, त्यांच्याकडे पट्टी होती, पण ती तिथेच संपत होती. मीही त्या दिवसांत लहानशी स्ट्रँगल विकून बसले होते. लहान होती म्हणूनच निभावलं. तेव्हापासून लांबच्या स्ट्राइकचे ऑप्शन विकत घेतल्याशिवाय मी एकही विकत नाही.

आणि घटना नाही, घबराटही नाही, तरी आयव्ही वर रेंगाळलेली आहे, आणि शेअर मात्र गेले वीस दिवस त्यापेक्षा बराच कमी हलतोय, असं दिसलं तर ती विकणाऱ्याची खरी जागा. हे वर्षातून थोड्याच वेळा दिसतं, बहुधा एखादी मोठी पडझड शांत झाल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत. तेव्हा 30-40 दिवसांची एक्स्पायरी, मर्यादित तोट्याची रचना, आणि मिळालेल्या प्रीमियमचा अर्धा भाग पदरात पडला की बाहेर, एवढ्यावर मी थांबते.

हे तीन आकडे स्वतःच्या शीटमध्ये काढून ठेवा, म्हणजे कुणाच्या संकेतस्थळावर अवलंबून राहायला नको. B स्तंभात रोजचा बंद भाव, D स्तंभात रोजची आयव्ही, आणि C3पासून खाली `=LN(B3/B2)` हे सूत्र. 253व्या ओळीत आजचा दिवस आहे असं धरून अनुक्रमे रँक, पर्सेंटाइल आणि वीस दिवसांची प्रत्यक्ष हालचाल अशी येईल:

```
=(D253-MIN(D2:D253))/(MAX(D2:D253)-MIN(D2:D253))*100
=COUNTIF(D2:D252,"<"&D253)/COUNT(D2:D252)*100
=STDEV(C234:C253)*SQRT(252)*100
```

वीस दिवसांच्या खिडकीत एखादा निकालाचा दिवस आला असेल तर तो वगळून बघा, नाहीतर तो एकटाच सगळी हालचाल फुगवतो.

येणाऱ्या निकालाबद्दल. आजच्या 58वर काही करू नका. आधी निकालाची तारीख चालू महिन्याच्या एक्स्पायरीच्या आत आहे की पलीकडे, ते तपासा. पलीकडे असेल तर चालू महिन्याचे ऑप्शन शांत आयव्हीवर असतील आणि पुढच्या महिन्याचे चढलेले. दोन्हींचा मिळून काढलेला रँक दिशाभूल करेल. ज्या एक्स्पायरीत निकाल येतो तिची चालू भावाजवळच्या स्ट्राइकची आयव्ही घ्या, निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी वरची वजाबाकी करा, आणि येणारा आकडा या खेपेच्या 11सकट नऊ निकालांच्या सरासरीशी ताडून बघा. ती सरासरी आता 5.7 झाली आहे. विकायला बाजारानं निदान 7 द्यायला हवेत, घ्यायला 4.5च्या आसपास. मधे काहीही आलं तर वहीत लिहा आणि सोडून द्या. केलंच तर एक लॉट, कॉन्डॉर, जास्तीत जास्त तोटा आधी लिहून. 32 रुपयांच्या हिशेबानं एका लॉटचा 16 हजार होतो. तो सहा लाखांच्या सुमारे 2.7 टक्के आहे आणि माझ्या मते तीच वरची हद्द.

ठेव मोडू नका. सेबीनं सप्टेंबर 2024मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते. तुमच्या दोन्ही सौद्यांत भांडवल कमी पडलं म्हणून तोटा झालेला नाही, दहा लाख असते तर कदाचित लॉट तीन असते. पुढचे चार निकाल, म्हणजे एक वर्ष, हा वजाबाकीचा हिशेब आदल्या दिवशी लिहा आणि दुसऱ्या दिवशी शेजारी प्रत्यक्ष हालचाल लिहा, सौदा केला असो वा नसो. पाच-सहा शेअरांचं केलंत तर वर्षाअखेर वीसेक नोंदी होतील. ठेवीचा विचार त्या नोंदी समोर ठेवून करा. आणि 34 हजारांचं पत्नीला या आठवड्यातच सांगा. ठेव दोघांच्या नावावर असेल तर ती मोडताना त्यांची सही लागू शकते, आणि हा तोटा त्यांना बँकेच्या काउंटरवर कळू नये.